शेवटची वीस सेकंदं

आमच्या पाळी गावातल्या घरात गोष्टीच्या पुस्तकांपेक्षा पत्रकं जास्त होती. वडील दूध सोसायटीत कारकून, आणि उरलेल्या वेळात पत्रकं लिहायचे. खनिजाच्या ट्रकांवर ताडपत्री घाला, शाळा सुटताना ट्रक थांबवा, विहिरीचं पाणी तपासा. गठ्ठे खाटेखाली असायचे आणि त्यांच्यावर लाल धूळ बसायची. म्हणजे धुळीविरुद्धची पत्रकंही धुळीतून सुटली नव्हती. मी वाचायला शिकले ती त्यांच्यावरच. त्यामुळे पाचवीत 'माझे मांजर' या निबंधाचा शेवट मी असा केला होता : 'तरी सर्व मांजरप्रेमींनी मतभेद विसरून एकजुटीने पुढे यावे!' बाईंनी उद्गारचिन्हाला लाल गोल केला. वडिलांनी मात्र त्या शेवटासाठी मला पेन दिलं.

पत्रकांवरचा माझा विश्वास अजून आहे. माणसाला स्पष्ट सांगावं की तू हे कर, यात मला लाज वाटण्यासारखं काही दिसत नाही. म्हणूनच पार्शे गावातल्या माझ्या वहिनीचा व्हिडिओ लिहायचं मी अंगावर घेतलं, आणि त्याची शेवटची वीस सेकंदं मी इतकी बिघडवली की ती दुरुस्त करायला महिना गेला.

वहिनी म्हणजे माझ्या मावसभावाची बायको. ती यंत्राने माडावर चढते. शेती खात्याच्या प्रशिक्षणाला पार्श्यातून ती एकटीच बाई गेली होती, आणि तिथून चढायची दोन यंत्रं घेऊनच परतली, एक रोजचं, एक जादा. यंत्र साधं आहे. लोखंडी सांगाड्याचे दोन भाग, एक उजव्या पायाचा, एक डाव्या. प्रत्येकाला तारेच्या दोरीचा फास, तो माडाच्या खोडाभोवती घालायचा. पाय उचलला की फास सैल होतो, वर सरकवता येतो. पायावर भार टाकला की आवळतो. एक पाय, मग दुसरा. कंबरेला पट्टा असतोच. पाडेली, म्हणजे नारळ पाडणारे, मिळेनासे झाल्यापासून गावातले अर्धे नारळ आपोआप पडायची वाट बघत असतात, त्यामुळे वहिनीला काम भरपूर होतं.

ती चढायची तेव्हा खाली मावशी, म्हणजे तिची सासू, उभी असायची. मग मावशीच्या गुडघ्याने राजीनामा दिला. माझा मावसभाऊ विमानतळावर टॅक्सी चालवतो, तो दिवसा झोपतो. मावशीने फर्मान काढलं :

"खाली माणूस नाय तर वर चडूचा नाय. आणि नुसता बघणारा माणूस माका नको. वर काय झाला तर दुसरा यंत्र घालून चडणारी होयी."

फर्मान योग्यच होतं. वहिनीलाही ते पटलं होतं, आणि म्हणूनच ती जास्त वैतागली होती. यंत्र पडवीतल्या खुंटीला लटकलं. शेती खात्याच्या तालुक्याच्या ऑफिसातल्या साहेबांनी सांगितलं, गावातल्या आठ बायकांची नावं द्या, शिकवणारा माणूस आणि यंत्रं आम्ही गावातच आणतो. पण पावसाआधी, नंतर खोडं निसरडी होतात. वहिनी घरोघर फिरली. सगळ्या बायका म्हणाल्या, "बघूया." आमच्याकडे 'बघूया' म्हणजे 'नाही', फक्त चहा देऊन सांगितलेलं.

मी म्हटलं, व्हिडिओ करू.

कॅमेरा आणि संकलन माझ्या पाळीच्या शाळासोबत्याचं. त्याचा डिचोलीच्या बाजारात लग्नाच्या व्हिडिओंचा स्टुडिओ आहे. म्हणजे एक खोली, दोन कम्प्युटर आणि भिंतीवर एक पडदा, ज्यावर कायम संधिप्रकाश असतो. त्याने एका सकाळी पार्श्यात येऊन वहिनीला माडावर चढताना टिपलं. वहिनी कित्येक महिन्यांनी यंत्रावर उभी राहिली होती. मावशीने त्या दिवसापुरती परवानगी दिली, कारण खाली सहा माणसं होती आणि त्यातल्या एकाकडे कॅमेरा होता.

चार मिनिटांचा व्हिडिओ झाला. वर जाणारी वहिनी, शेंड्यावर कोयता, खाली धपाधप नारळ. निवेदन माझं. आणि शेवटी ढोल सुरू होऊन माझा आवाज चढायचा :

'तर भगिनींनो, शतकानुशतकांची बंधनं झुगारून द्या! आकाश तुमची वाट पाहत आहे! प्रशिक्षणासाठी आजच नाव नोंदवा!'

त्यानंतर लाल पाटीवर पांढरी अक्षरं : उद्देश, मागण्या, अटी, निमंत्रक, आणि तळाला 'बहुसंख्येने उपस्थित राहावे'. पाटी चार सेकंद दिसायची.

शाळासोबत्याने ती बघून मान खाजवली. "बाये, ह्या वाचूक माणसाक चश्मो होयो काय रजा?"

"लोक थांबवून वाचतील."

"लोक थांबवून न्हवऱ्याचो चेरो बघत नायत माझ्या व्हिडिओत. निमंत्रक वाचतले?"

मी पाटी काढू दिली नाही. निमंत्रकांशिवाय आवाहन म्हणजे निनावी पत्र, असं वडील म्हणायचे.

व्हिडिओ टाकला आणि तो खूप फिरला. पेडणे तालुक्यातल्या प्रत्येक व्हॉट्सअॅप गटावर गेला, सावंतवाडीकडून उलटा आमच्याकडे आला. वहिनीचा फोन वाजायला लागला. पहिला फोन मांद्र्याच्या गेस्टहाऊसवाल्याचा : पाहुण्यांच्या आरामखुर्च्यांवर सात माड आहेत, कुणाचं डोकं फुटायच्या आत याल का? दुसरा यंत्र कुठे मिळतं विचारणारा. तिसऱ्याने वहिनीचं लग्न झालंय का विचारलं, तो फोन मावसभावाने उचलला. एका मंडळाने तिचा सत्कार ठरवला. प्रशिक्षणासाठी एकाही बाईचा फोन नाही. व्हिडिओखाली कुणीतरी लिहिलं होतं, 'बाई खाली उतरली का?' त्यावर मी आणि शाळासोबती पोट धरून हसलो.

वहिनी हसली नाही. शाल आणि नारळ घेऊन ती सत्काराहून परत आली, नारळ मावशीपुढे ठेवला आणि मला म्हणाली :

"बाय, तू माका फेमस केलंस. माका फेमस व्हवचा नव्हता. माका एक बाई होयी होती."

मावशी नारळ हलवून पाणी ऐकत म्हणाली, "आणि ह्यो नारळ पण सुको."

महिनाअखेरीला ऑफिसात नावं द्यायची होती. मी डिचोलीला गेले.

शाळासोबत्याने कम्प्युटरवर एक रेघ दाखवली. व्हिडिओ बघणारे कोणत्या सेकंदाला किती उरले, याची ती रेघ. चार मिनिटं ती बरी चालली होती, थोडी थोडी खाली येत. मग ढोल सुरू झाला त्या क्षणी अशी कोसळली की जणू कुणी यंत्राचा फास सोडला. मी 'भगिनींनो' म्हणेपर्यंत भगिनी गेलेल्या होत्या.

"ढोल वाजलो की लोकांक कळता, आता कायतरी मागतले," तो म्हणाला. "देवळात ताट फिरूक लागला की कशी लोकांक चपलांची याद येता, तशी."

"मग ढोल काढ."

"ढोल काढतंय. पण मागता ता कित्याक मागता, ता चार मिनटांत खंय दिसूक नाय."

त्याने आपल्या परीने उपाय सुचवले. पहिला, व्हायोलिन. वहिनी पडवीत बसून खुंटीवरच्या यंत्राकडे बघते, मावशीचा गुडघा, आणि पाटी : 'एका सुनेचं स्वप्न तुमच्या हातात.' मी सांगितलं, वहिनीला दया नको आहे आणि मी ती विकणार नाही. दुसरा, 'सबस्क्राइब करा'च्या घंटीचं चित्र नाचत येतं आणि आवाज येतो. मी सांगितलं, माझ्या हयातीत नाही. तो म्हणाला, "तुझ्या तत्त्वांक एक वेगळी टाइमलाइन होयी."

मी तिथेच बसून नवे शेवट लिहिले. एक छोटा. एक प्रश्नार्थक : 'तुम्ही कधी चढणार?' एक मऊ : 'पहिलं पाऊल उचला, वाट आपोआप सापडेल.' एक अगदी साधा, उद्गारचिन्हाशिवाय, जो लिहिताना माझा हात अक्षरशः दुखला. प्रत्येक मी त्याच्या माइकवर बोलून दिला. प्रत्येकाला तो "हूं" म्हणाला.

मग त्याने एक गोष्ट केली, ज्यासाठी मी त्याला अजून माफ केलेलं नाही. दुसऱ्या कम्प्युटरवर अस्नोड्याचं एक लग्न संकलनाला पडलं होतं. त्याने माझे शेवट उचलून त्या लग्नाला जोडले. नवरी सप्तपदीला उभी, आणि माझा आवाज : 'पहिलं पाऊल उचला, वाट आपोआप सापडेल.' चपखल. मग नवरदेव घोड्यावर बसायला धडपडतो : 'तुम्ही कधी चढणार?' घोडा मान हलवतो. शेवटी पंगतीत जिलेबीचं ताट, आणि माझा तो मूळचा : 'आकाश तुमची वाट पाहत आहे!'

"बघ," तो डोळे पुसत म्हणाला, "तुझो शेवट खंयच्याय व्हिडिओक बसता. लग्नाक बसता, बारशाक बसता. जो सगळ्यांक बसता तो ह्या माडाचो नाय. बाहेरसून हाडून चिकटवलेलो."

मग मला पत्रकांची आठवण झाली, आणि राग आला तो स्वतःचाच. वडिलांच्या पत्रकात ट्रकाचा नंबर असायचा, किती वाजता गेला ते असायचं, कुठल्या वळणावर मुलं रस्ता ओलांडतात ते असायचं. 'उपस्थित राहावे'च्या आधी तुम्ही त्या वळणावर उभे असायचात. मी फक्त शेवटची ओळ उचलली होती. तीही वीस वर्षं.

"मूळ चित्रण काढ सगळं," मी म्हटलं. "न कापलेलं."

दोन तासांचं होतं. बघता बघता मला दिसलं की मी काय काय फेकून दिलं होतं. अर्ध्या माडावर वहिनी थांबते. वर खोड बारीक होत जातं, त्यामुळे फास वाटेत आवळून घ्यावा लागतो, तो घेताना ती चक्क म्हणते, "थांबा, माका भ्या वाटता." हे मी कापायला लावलं होतं. माझ्या पत्रकात बायका घाबरत नाहीत.

मग खालून आवाज येतो. आवाज शेजारीण काकीचा. काकी हिराचे, म्हणजे माडाच्या पातीच्या काड्यांचे, झाडू बांधते, मॅक्सीवर खांद्यावर टॉवेल टाकून सगळ्या गावाच्या कामावर देखरेख करते. ती कॅमेऱ्यासमोरून तीनदा जाते आणि ओरडते :

"चडूचा रवांदे गो! उतरतंस कशी ता सांग आधी! मांजर पण चडता, मगे रडता फांदीर बसान!"

आणि वरून वहिनी, घाबरलेल्या आवाजातच : "तसाच पाय उचलूचो काकी, खाली सरकवचो, भार घालूचो. दोन पावलां करून बघ, कळता."

"माका जमात?"

"दोन पावलां जमतली."

हेही मी कापलं होतं. कारण गंभीर विषयात मांजर नको.

आणि मग लक्षात आलं ते भयंकर होतं. आमच्या व्हिडिओत वहिनी शेंड्यावर पोहोचते, नारळ पडतात, आणि तिथून थेट ढोल. ती उतरतच नाही. गावागावातल्या बायकांनी एक बाई माडावर जाताना बघितली आणि आम्ही तिला तिथेच ठेवून 'तुम्हीही या' म्हणालो. खाली लिहिणारा तो माणूस थट्टा करत नव्हता. तो एकटाच नीट बघत होता.

"आम्ही वयनीक वरच सोडली," शाळासोबती हळूच म्हणाला.

त्या दुपारी आम्ही नवीन शेवट बांधला. उतरणं पूर्ण घातलं, न तोडता, वहिनीचा घाम आणि पुटपुटण्यासकट. भीतीचं वाक्य जागेवर ठेवलं. मधल्या भागात काकीचा प्रश्न आला, म्हणजे शेवटी जे सांगायचं ते आधी कुणीतरी विचारलेलं असेल. आणि आवाहन लहान केलं. 'सहा दिवसांच्या प्रशिक्षणासाठी नाव नोंदवा' हे फार मोठं होतं. चार मिनिटं बघून कोण सहा दिवस देतं? दोन पावलं मागायची. तेवढंच मागायचा हक्क त्या चार मिनिटांनी कमावला होता.

एकच भोक राहिलं. 'दोन पावलां जमतली' हे वहिनी म्हणते. ती तर चढणारीच. न चढणारी कुणी दोन पावलं चढलेली दिसली पाहिजे. आणि काकीचा आवाज वापरायचा तर काकीला विचारायला हवं होतं. तिने कुठे व्हिडिओत यायचं कबूल केलं होतं? ती फक्त ओरडत होती.

शाळासोबती म्हणाला, "आवाज तर आसा. घालूया. काकी कसली बघता?"

मी म्हटलं, न विचारता एका बाईचा आवाज घ्यायचा आणि बाकीच्या बायकांना बोलवायचं, हे माझ्याकडून होणार नाही. तो उठला आणि म्हणाला, "चल, गाडी काडतंय. तुझ्या तत्त्वांक पेट्रोल तूच घाल."

काकी अंगणात हीर सोलत होती. मी फोनवर तिचा तुकडा तिला दाखवला. ती दोनदा बघून म्हणाली :

"माझो आवाज इतको मोठो आसा?"

"मोठा आहे, पण प्रश्न बरोबर आहे काकी. हा घालू का व्हिडिओत?"

"घाल. पण थांब." तिने सुरी खाली ठेवली. "म्हणजे सगळ्या गावाक कळतला, मी विचारलंय माका जमात काय. आणि मी चडलंय नाय तर?"

"तर लोक म्हणतील, काकी नुसती विचारते."

"नुसती विचारता म्हणतले!" काकी उभीच राहिली. "मी? खंय गो तुझी वयनी? यंत्र काड म्हण खुंटीवयला."

मी हे घडवून आणलं असं कुणी म्हणेल. नाही. मी फक्त परवानगी मागायला गेले होते. परवानगीचा तिने लावलेला अर्थ माझ्या डोक्यात आलाही नव्हता.

शाळेमागे एक ठेंगणा माड आहे, सरळ आणि जाड. वहिनीने फास घातले, काकीच्या मॅक्सीखाली आपली सलवार चढवायला लावली, कंबरेला पट्टा बांधला, खांद्यावरचा टॉवेल काढायला सांगितला. काकीने टॉवेल काढायला नकार दिला. शेवटी तो कंबरेला खोचण्यावर तह झाला.

"उजवो पाय उचल. आता हात वर. टाक भार."

तार करकरली. काकीने डोळे मिटले होते. मग डावा. जमिनीपासून ती जेमतेम माझ्या गुडघ्याएवढी वर होती, पण खोडाला तिने अशी मिठी मारली होती की वहिनीला तिच्या हाताची बोटं एकेक सोडवावी लागली.

"आता उतर."

"कशी?"

"जशी चडलंस तशी. उचल, खाली घे, भार टाक."

उजवा. डावा. काकीचे पाय जमिनीला लागले. तिने डोळे उघडले, खाली बघितलं, वर बघितलं, आणि जवळजवळ फसवणूक झाल्यासारखी म्हणाली :

"इतक्याच?"

आमचा शेवट तो होता. मी एवढं सगळं लिहून ज्याच्या जवळपास गेले नव्हते, तो एक शब्द. काकीच्या मागे वहिनी तार पुसत होती आणि तिने कॅमेऱ्याकडे न बघता, काकीलाच सांगितल्यासारखं म्हटलं, "शनिवारी सकाळी सातांक हयच आसतलंय मी. जिका बघूचा आसा तिणा येवचा. दोन पावलां चडा, दोन उतरा. बाकीचा मागीर."

शाळासोबत्याने संगीत बदललं नाही. वहिनी बोलत असतानाच तिच्या हाताखाली छोट्या अक्षरांत 'शनिवार, सकाळी ७, शाळेमागचा माड' एवढं आलं, आणि तिचं वाक्य संपताच व्हिडिओ संपला. पाटी नाही, निमंत्रक नाहीत. माझं शेवटात एक अक्षर नव्हतं. मी निदान एक उद्गारचिन्ह मागितलं. तो म्हणाला, काकी आसा मगे.

नवीन रेघ शेवटापर्यंत टिकली. इतकंच नाही, काकी खोडाला मिठी मारते तिथे ती वर उचलली गेली होती. लोक मागे जाऊन पुन्हा बघत होते.

शनिवारी सातला आम्ही चौघी माडाखाली होतो : वहिनी, काकी, मी आणि प्लॅस्टिकच्या खुर्चीत मावशी. सव्वासात झाले. मावशी म्हणाली, "गावातली घड्याळां पण बघूया म्हणतत."

मग एक बाई आली, हीर गोळा करायला म्हणून. दुसरी आली, तिची कोंबडी इकडे आली का विचारत. दोघी जावा आल्या, त्या नुसत्या फिरायला निघाल्या होत्या, सकाळी सात वाजता, सलवारी घालून. आणखी दोघी मुलांना शाळेत सोडायला आल्या होत्या. शनिवारी शाळा उशिरा असते हे त्यांना ठाऊक नव्हतं म्हणे. कुणीच चढायला आली नव्हती. पण सगळ्यांनी येऊन पहिली गोष्ट विचारली ती एकच : उतरताना कुठला पाय आधी?

काकी आता या विषयातली जाणकार होती. "खालचो!" ती प्रत्येकीला सांगत होती. "जो खाली आसा तो आधी! आणि डोळे मिटू नकात, मी मिटलंय ती चूक." एकेक जण दोन पावलं चढली, दोन उतरली. कोंबडीवाली चार चढली. धाकट्या जावेला उतरायला सांगावं लागलं.

वहिनीने फॉर्मवर नावं लिहून घेतली. काकी धरून सात.

"एक उणा," ती म्हणाली, आणि पेन फॉर्मवर तसंच टेकलेलं राहिलं.

मावशी खुर्चीतून म्हणाली, "माझा घाल. चडतलंय काय नाय ता साहेब कसो बघतलो?"

मी तिथल्या तिथे उसळले. खोटं नाव घालून प्रशिक्षण आणायचं असेल तर आपण आणि ते ताडपत्रीची खोटी पावती दाखवणारे ट्रकवाले यांत फरक काय, वगैरे. माझा आवाज चढत गेला. सगळ्या बायका ऐकत होत्या. मी थांबले तेव्हा काकीने मला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं आणि अगदी सहज विचारलं :

"गो, तू चडलंस काय कधी?"

महिनाभर मी आख्ख्या तालुक्याला माडावर चढायला सांगत होते. पहिल्या व्हिडिओत, दुसऱ्या व्हिडिओत, माइकवर पाच निरनिराळ्या आवाजांत. त्या यंत्राला मी हात लावला होता तो फक्त चित्रणासाठी बाजूला सरकवायला.

"मी पाळीची," मी म्हटलं. "नावं पार्श्याची हवीत."

"माझी भाची," मावशी म्हणाली. "आठ दिवस माझ्याकडे जेवता. पार्श्याची ती."

वहिनीने ऑफिसात फोन लावला आणि साहेबांना विचारलं. ते म्हणाले, सध्या पार्श्यात राहत असली आणि सहाही दिवस येणार असली तर चालेल. मावशीने सहा दिवसांच्या जेवणाची हमी तिथेच ओरडून दिली. मग पट्टा माझ्या कंबरेला आला. दोन पावलं चढले. खरं सांगते, वर जाताना काहीच वाटलं नाही. उतरायची वेळ आली तेव्हा खालचा पाय कुठला तेच कळेना, आणि सात बायका एकाच वेळी शिकवायला लागल्या.

"डावो गो, डावो!"

"तिचो डावो वर आसा!"

"डोळे उघड! मिटलान बघ, मिटलान!"

मी गुडघाभर उंचीवर होते आणि मला भीती वाटत होती. ती मी मोठ्याने सांगितली. वहिनीचा हात माझ्या घोट्यावर आला, तिने माझा उजवा पाय हळूच उचलून खाली घेतला. "टाक भार," ती म्हणाली. मी टाकला. तार आवळली.

मी जमिनीवर आले तेव्हा ती माझं नाव लिहीत होती. आठवं. फॉर्म घडी करून तिने काकीच्या हातात दिला, आणि सासूकडे वळली.

"आई, खाली आठ माणसां आसत. आणि काकी यंत्र घालूक शिकली. चडू?"

मावशीने आठही जणींवर नजर फिरवली, विशेष विश्वास दाखवला असं नाही. "काकी, वर काय झाला तर तू जातलंस?"

"दोन पावलां तरी जातलंय," काकी म्हणाली. "तिसरा ती आरडली तर."

"आज अर्ध्यार. पुरो शिकल्यार मगे," मावशी म्हणाली. "चड."

वहिनीने यंत्र ठेंगण्या माडावरून सोडवून शेजारच्या उंच माडाला लावलं आणि चढायला लागली. कित्येक महिन्यांनी पहिल्यांदा, कुणाला दाखवण्यासाठी नाही. शाळासोबती डिचोलीला कुठल्याशा साखरपुड्याला गेला होता, कॅमेरा त्याच्याबरोबर. अर्ध्या माडावर ती थांबली, फास आवळून घेतला. खाली आम्ही सगळ्या माना वर करून उभ्या. काकी कंबरेला टॉवेल खोचून, दुसरं यंत्र हातात धरून, ओरडली :

"गो, भ्या वाटता काय?"

"वाटता!" वरून उत्तर आलं. "तरी येतंय खाली, थांब!"